अंगाला लागून सूत नको

*अक्का, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी विनिपेगला जायलोय, दोन वर्षांच्या कोर्सला. तिथं उणे पंचवीस असतंय म्हणून सगळे घाबरवायलेत. आईनं थर्मलचे चार जोड आणि दोन जाड स्वेटर आणून ठेवलेत, वर आणि लोकर आणून तिसरा विणायला बसल्या. बाबा म्हणतात, एकच भारीतला जाड कोट घे, बाकी काही लागत नाही. पैसे मोजकेच आहेत. नक्की कुठलं कापड घेऊ, इथनं काय नेऊ, तिथं काय घेऊ, आणि कशावर काय घालू?*
*— तुझा मामेभाऊ, जांबोटी*

थर्मलची पाकिटं अजून फोडली नसशील तर फोडूच नकोस. आधी मागची बारीक अक्षरं वाच. आपल्या दुकानांत थर्मल म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं सुती असतं, नाहीतर सूत आणि पॉलिएस्टर मिळून केलेलं. हाताला मऊ आणि जाड लागतं, आणि जांबोटीच्या डिसेंबरातल्या पहाटेला ते पुरतंही. पण पाकिटावर कॉटन हा शब्द पहिला असेल, तर चारांतले तीन जोड दुकानात परत कर. एक ठेव, रात्री घरात झोपताना घालायला.

वडगावातल्या विणकराच्या घरात जन्मलेय मी. सुताबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही. आपल्या उन्हाळ्यात सुतासारखं कापड नाही, ते का, तर सूत घाम पितं, धरून ठेवतं आणि तो सावकाश वाळताना अंग गार पडतं. हाच गुण थंडीत तुझ्यावर उलटतो. मी तुझ्या विनिपेगसारख्याच कॅनडातल्या सस्कातूनला सात हिवाळे काढले. तिथल्या पहिल्या नोव्हेंबरात इथून नेलेले दोन सुती थर्मल एकावर एक घातले, खाली जीन्स, वर जाड कोट. बस चुकेल म्हणून दहा मिनिटं भराभर चालत गेले. थांब्यावर पोचले तेव्हा मस्त ऊब होती, पाठीला घाम आला होता. बस यायला उशीर झाला. पाच-सात मिनिटांत पाठीवर कुणीतरी ओलं फडकं ठेवल्यासारखं झालं आणि हुडहुडी भरली. घरी येऊन कोट काढला तर कोट कोरडा, आणि आतला थर्मल पाठीच्या पन्हाळीत अजून ओला. मला वाटलं कपडे कमी पडले. दुसऱ्या दिवशी आणखी एक सुती थर चढवला. घाम आणखी आला, गारठाही आणखी लागला.

म्हणून तिथली थंडी समजून घेताना आधी घाम समजून घे. कापड स्वतः गरम नसतं. तुझं अंग गरम असतं आणि कापडाच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. आजीची वाकळ आठव. जुन्या लुगड्यांचे थरावर थर, मधे मधे अडकलेली हवा, म्हणून ती ऊब देते. तीच वाकळ पावसात भिजली तर अंगावर घेववत नाही, कारण हवेची जागा पाण्यानं घेतलेली असते, आणि पाणी उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं ओढून नेतं. सुती थर्मल घामानं भिजला की त्याची हीच वाकळ होते, फरक इतकाच की पाणी आतून आलेलं असतं.

आता घोंगडी बघ. आपल्याकडे धो धो पावसात, रोप लावताना, गुरांमागं फिरताना घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात. ती भिजते, जड होते, तरी आतलं माणूस गारठत नाही. लोकरीच्या धाग्यावर बाहेरून खवले असतात, ते पाण्याचा थेंब चटकन आत घेत नाहीत. पण घामाची वाफ मात्र धाग्याच्या पोटात शिरते. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओल लोकर पोटात ठेवू शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय तिचा धागा नागमोडी असतो, भिजला तरी सपाट होऊन अंगाला चिकटत नाही, त्यामुळे हवा टिकून राहते.

मग घोंगडीच का घालू नये अंगाला? तर ती टोचते. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचा तंतू जाड असतो, त्याची टोकं वाकत नाहीत, कातडीत रुततात. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. साधारण २५ च्या पुढे गेलं की बहुतेकांना टोचायला लागतं, आणि दख्खनी लोकर त्याच्या बरीच पुढे असते. मेरिनो मेंढीची लोकर १७ ते १९ मायक्रॉनची मिळते. तिची टोकं कातडीला लागताच वाकतात, त्यामुळे ती थेट अंगाला लागून घालता येते. अंगालगतच्या थरासाठी तुला हवी ती ही लोकर. लेबलवर ‘मेरिनो वूल’ आणि शंभर टक्के, किंवा निदान ऐंशीच्या वर, असं लिहिलेलं बघ. कापडाचं वजन जीएसएममध्ये देतात. दीडशे म्हणजे पातळ, दोनशे मध्यम, अडीचशे जाड. तुझ्यासाठी दोनशेच्या आसपासचं घे. अडीचशेचं कापड वर्गात, बसमध्ये, दुकानात फार होतं, आणि तिथं दिवसाचा मोठा भाग आतच जातो, एकवीस-बावीस डिग्रीत.

मेरिनो महाग आहे, सुती थर्मलच्या कितीतरी पट. त्यामुळे सगळं मेरिनोचं घेऊ नकोस. वरच्या अंगाचे दोन सदरे मेरिनोचे घे, कारण घाम पाठीला, छातीला आणि काखेला येतो. पायांसाठी खेळाच्या सामानाच्या दुकानात पॉलिएस्टरच्या आतल्या पँटी मिळतात, धावणारे आणि डोंगर चढणारे घालतात त्या. त्यांतल्या दोन घे. पॉलिएस्टर पाणी पोटात घेतच नाही. घाम धाग्यांच्या फटींतून कापडभर पसरतो आणि लवकर उडून जातो. त्याचा दोष म्हणजे दोन दिवसांत वास मारायला लागतं. मेरिनो चार-पाच दिवस घातली तरी वास धरत नाही, रात्री नुसती खुंटीला टांगायची. म्हणूनच दोन सदरे पुरतात. आणि एक सांगते, पाकिटावर बांबू असं लिहून बरंच काही विकतात. तो बांबूचा लगदा करून काढलेला व्हिस्कोज धागा असतो, आणि ओल धरण्यात तो सुताचाच भाऊ आहे. मऊपणाला भुलू नकोस.

आता मामीची लोकर. दुकानात लोकर म्हणून जो गुंडा देतात, तो बहुधा मेंढीचा नसतो, ॲक्रिलिकचा असतो. हिवाळ्यात रस्त्याकडेला जे स्वेटर विकायला असतात त्यांचंही बहुधा तेच. दोन्ही स्वेटर आणि गुंडा, तिन्हींची परीक्षा घरीच होते. स्वेटरच्या आतल्या शिवणीतून चार बोटं लांबीचा धागा ओढून काढ. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घे, धागा चिमट्यात धर आणि ताटलीवर धरून त्याच्या टोकाला काडी लाव. पंखा बंद ठेव, हात लांब ठेव. खरी लोकर असेल तर ती कुरकुरत, आखडत, सावकाश जळेल, काडी दूर नेली की बहुतेक विझेल, आणि केस जळल्याचा उग्र वास येईल. मागं राहिलेला काळा गोळा दोन बोटांत दाबला की त्याची पूड होईल. ॲक्रिलिक असेल तर धागा चटकन पेट घेईल, काडी काढली तरी जळत राहील, वितळून थेंब पडेल, आणि थंड झाल्यावर तो थेंब खड्यासारखा टणक राहील. बोटानं दाबायची घाई करू नकोस, वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राखाडी, हलकी राख उरते, तुला तो वास चुलीमुळे ओळखीचा आहे. मिश्र धाग्यात दोन्हीच्या खुणा दिसतात. केसांचा वासही येतो आणि मधेच टणक खडाही सापडतो.

मामीचा गुंडा ॲक्रिलिकचा निघाला तरी तिला विणणं थांबवायला सांगू नकोस. अंगालगत तो नको, पण मधल्या थराला चालतो. ॲक्रिलिक पाणी फारसं पीत नाही, आणि हातानं सैलसर विणलेल्या स्वेटरच्या टाक्यांत भरपूर हवा राहते. मात्र त्याच टाक्यांतून वारा आरपार जातो, म्हणून त्याच्यावर वारा अडवणारं काहीतरी असलंच पाहिजे. ते असलं की मामीचा स्वेटर दुकानातल्या महागड्या मधल्या थराच्या जवळपास काम करेल. तिला दोन गोष्टी सांग. बाह्या मनगटाच्या दोन बोटं पुढे येऊ देत, कारण हात वर केला की कोट वर सरकतो आणि मनगट उघडं पडतं. आणि स्वेटर अंगाबरोबर नको, आत मेरिनोचा सदरा घालून वर तीन-चार बोटं शिरतील इतका ढिला हवा. आणून ठेवलेले दोन स्वेटर जाड असतील तर ते इथंच ठेव. दोन जाड स्वेटर एकावर एक घालून वर कोट चढवला की सगळं दाबलं जातं, हवा बाहेर जाते, आणि ओझं वाढून ऊब कमी होते.

मधल्या थराला दुसरी चांगली वस्तू म्हणजे फ्लीसचं जॅकेट, समोर चेन असलेलं. फ्लीस म्हणजे लव उठवलेलं पॉलिएस्टर. हलकं, लगेच वाळणारं, स्वस्त, आपल्याकडेही सहज मिळतं. मी स्वेटरपेक्षा फ्लीसकडे जास्त झुकते, ते त्या चेनमुळं. चालताना अंग तापलं की छातीपर्यंत उघडता येतं, उभं राहिलं की लावता येतं. डोक्यावरून घालायचा स्वेटर बसमध्ये, पाठीवर दप्तर असताना, काढून बघ, मग कळेल. एक फ्लीस आणि मामीचा स्वेटर, मधल्या थराला इतकंच पुरे. रोज एक घाल, आणि उणे तीसच्या दिवशी पातळ फ्लीसवर स्वेटर असे दोन्ही.

मामांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. जाड कोट लागतो, पण तो एकटा पुरत नाही. एकाच जाड कोटात दोनच सोयी असतात, घातलेला किंवा काढलेला. घातला तर चालताना घाम, काढला तर गोठायची पाळी. थर असले की मधल्या चार-पाच सोयी मिळतात, आणि तिथं दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करताना त्याच लागतात. कोटाचं पहिलं काम वारा अडवायचं. विनिपेग सपाट माळावर आहे, वाऱ्याला अडवायला काही नाही. हवा उणे २० असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं. तिथल्या हवामान खात्याच्या भाषेत याला विंड चिल म्हणतात, आणि ते उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. सकाळी तापमानाबरोबर तो आकडा बघायची सवय लाव.

हा जाड कोट, ज्याला तिथं पार्का म्हणतात, इथून नेऊ नकोस. आपल्याकडे त्या थंडीचा माल कमी येतो आणि येतो तो सहलीच्या थंडीपुरता असतो. तिथं जुने कपडे विकणारी दुकानं भरपूर आहेत, आणि तिथल्या लोकांनी चार-सहा हिवाळे वापरलेला पार्का आपल्या इथल्या नव्या कोटापेक्षा कितीतरी उबदार असतो. बघायचं ते असं. लांबी मांडीच्या मध्यापर्यंत हवी, म्हणजे बसल्यावर कंबर उघडी पडत नाही. टोपी कोटाला जोडलेली, चेहऱ्याच्या पुढे बोगद्यासारखी येणारी हवी. चेनच्या मागं किंवा पुढं कापडाची आडपट्टी हवी, कारण नुसत्या चेनच्या दातांतून वारा शिरतो. चेन मुठीनं दहा वेळा वर-खाली करून बघ. बाकी सगळं दुरुस्त होतं, पार्क्याची मोठी चेन बदलणं महाग पडतं. आणि दुकानात जाताना अंगावर फ्लीस घालून जा. पार्का फ्लीसवर चढवून चेन लाव, दोन्ही हात समोर पसरून स्वतःला मिठी मार. पाठीत किंवा खांद्यात ताणलं तर एक माप मोठं घे.

आत भरलंय काय, तेही बघ. बदकाची किंवा हंसाची पिसं असतात, त्याला डाउन म्हणतात, नाहीतर पॉलिएस्टरचा कापूस असतो. डाउन वजनाला हलकं आणि ऊब सर्वात जास्त, पण भिजलं की गोळे होऊन चपटं होतं आणि ऊब जाते. जुन्या कोटात हे तपासायला एक चौकोन दोन तळव्यांत दाबून सोड. लगेच फुगून वर आला तर ठीक. आत गुठळ्या लागल्या, किंवा उजेडाकडे धरल्यावर काही चौकोन रिकामे दिसले, तर सोडून दे. उणे २० ला बर्फ पिठासारखा कोरडा असतो, झटकला की पडतो, त्यामुळे तिथल्या जानेवारीत डाउन भिजायची भीती कमी. भीती असते ती मार्च-एप्रिलात, बर्फ वितळताना. त्या दिवसांत पार्का घरी ठेव आणि फ्लीसवर साधं पावसाळी जॅकेट घाल, जांबोटीत वापरतोस तेच. पाऊस बाहेरच्या थरानं अडवायचा आणि ऊब आतल्या थरानं धरायची, हे इरल्याखाली घोंगडी घेणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

पायांकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि तिथंच आधी बाधतं. जीन्स सुतीच असते, जाड असते म्हणून फसवते. थंडीत ती पत्र्यासारखी ताठ होते आणि मांडीला चिकटून ऊब ओढते. आत पॉलिएस्टरची पँट असली तर शहरातल्या पाच-दहा मिनिटांच्या चालण्याला जीन्स चालते, मीही घालत होते. त्यापेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर वरची पँटही नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची, घट्ट विणीची घे. मोजे लोकरीचे, आणि एका वेळी एकच जोड. दोन जाड मोजे बुटात कोंबले की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही, बोटं आधी बधिर होतात. बूट तिथंच घे, आत काढता येणारं नमद्याचं अस्तर असलेले. अस्तर रोज रात्री काढून वाळत घाल, पायाला घाम येतोच. लोकरीचा मोजा घालून बुटात बोटं हलवून बघ, मोकळी हलली पाहिजेत. हातांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र असणारे मिटन चांगले, बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ हातमोजा असू दे, म्हणजे फोन काढायला किंवा किल्ली फिरवायला मिटन काढलं तरी हात उघडा पडत नाही.

आता एक सकाळ धरून सगळं घालून बघू. समज बाहेर उणे २४ आहे, वारा मध्यम. घरापासून थांबा बारा मिनिटं, थांब्यावर दहा मिनिटं, मग तापवलेली बस, मग तापवलेला वर्ग. घरात मेरिनोचा सदरा, आतली पँट, वरची पँट, मोजे आणि फ्लीस घालून तयार हो. सदरा पँटीच्या आत खोच, नाहीतर कमरेत वारा घुसतो. पार्का, टोपी, बूट हे सगळं अगदी निघताना, दाराशी चढव. पार्का घालून घरात किल्ल्या शोधत बसलास तर घाम घरातच सुरू होतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की पहिली तीन-चार मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. तसं वाटलं तर बरोबर घातलंयस. दार उघडताच मस्त ऊब वाटली, तर थांब्यावर पोचेपर्यंत भिजणार आहेस, फ्लीसची चेन आधीच खाली कर. चालताना पाठीला कोमटपणा जाणवायला लागला की घाम फुटायच्या आधीच पार्क्याची चेन वीतभर उघड, टोपी थोडी मागं घे, आणि चाल कमी कर. थांबा दिसायला लागला की उलट कर. चेन वर, टोपी पुढे, गळपट्टा नाकापर्यंत. हे उभं राहायच्या आधी करायचं, गार लागल्यावर नाही, कारण गेलेली ऊब परत मिळवायला फार वेळ लागतो. बसमध्ये शिरताच पार्का उघड, टोपी आणि मिटन काढ. वर्गात पार्का आणि फ्लीस खुर्चीला.

जमलं की नाही ते असं बघायचं. वर्गात पोचलास की हात मागं नेऊन पाठीच्या मधोमध सदऱ्यावर ठेव. कोरडा किंवा नुसता दमट लागला तर त्या हवेला तो हिशेब बरोबर होता. ओला लागला तर उद्या तेवढ्याच थंडीत मधला थर कमी कर, वाढवू नकोस. माझ्या हातून झालेली चूक हीच. पाठ कोरडी आणि तरी कुडकुडलास, तरच मधला थर वाढव. पहिले आठ-दहा दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, विंड चिल किती, घातलं काय, पाठ कशी. मग पुन्हा विचार करावा लागणार नाही.

एवढं करूनही चेहऱ्याकडे लक्ष ठेव. नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी, बोटांची टोकं आधी झोंबतात आणि मग झोंबायचं थांबतं. थांबलं म्हणजे बरं वाटलं असं नव्हे, तिथली जाणीव गेली. आपल्या सावळ्या कातडीवर तो भाग फिकट, राखाडी, मेणासारखा दिसतो. लगेच आत जा. चोळू नकोस, बर्फ लावू नकोस, शेकोटीपुढं धरू नकोस. गालावर उबदार तळवा धर, बोटं काखेत धर. जाणीव आणि रंग परत आला नाही, किंवा फोड आले, तर दवाखाना गाठ.

सामान बांधताना पहिल्या दिवसाचा विचार कर, कारण पार्का तिथं घ्यायचाय आणि विमानतळाबाहेर तर त्याच दिवशी पडायचंय. अंगावर एक मेरिनो, आतली पँट आणि फ्लीस घालूनच विमानात बस. मामीचा स्वेटर, पावसाळी जॅकेट, कानटोपी, मिटन आणि लोकरी मोजे हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नाही. बॅग मागं राहिली तरी तू अडकणार नाहीस. उतरल्यावर दाराबाहेर पडायच्या आधी आतच स्वेटर फ्लीसवर चढव, त्यावर जॅकेट घाल. गाडीपर्यंत जाण्याइतकी ती सोय पुरते, थांब्यावर उभं राहण्याइतकी नाही, म्हणून त्या दिवशी कुणाला तरी घ्यायला बोलाव आणि दुसऱ्याच दिवशी पार्का आणि बूट बघायला जा. पैशांचा मोठा वाटा या दोन वस्तू आणि मेरिनोचे दोन सदरे यांनाच जाऊ दे.

धुण्याचं नीट ऐक, कारण महागाचा सदरा एका धुण्यात वाया जातो. लोकरीच्या धाग्यावरचे खवले गरम पाण्यात उघडतात, आणि त्यात मशीननं घुसळलं की एकमेकांत अडकून बसतात. मग कापड आटतं, नमद्यासारखं जाड होतं, आणि ते पुन्हा सुटत नाही. मशीनला लोकरीचा फेरा असेल आणि लेबलवर मशीन चालतं असं लिहिलं असेल तर थंड पाण्यात तो फेरा लाव, नाहीतर बादलीत हातानं धू. पिळू नकोस. टॉवेलवर पसर, टॉवेलची गुंडाळी कर, गुडघ्यानं दाब, मग सपाट पसरून वाळव. गरम हवेच्या ड्रायरमध्ये लोकर कधीच टाकायची नाही. मामीचा स्वेटर ॲक्रिलिकचा असेल तर तो आटणार नाही, पण गरम ड्रायरमध्ये ढिला पडून लोंबायला लागेल, तोही सपाटच वाळव.

काडीची परीक्षा या रविवारी करून घे आणि थर्मलच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला कळव. दुकानदार सहसा पंधरा दिवसांपलीकडे परत घेत नाहीत.

— तुझी अक्का